पीजी टेस्टमधला अधिक-उणे कोणाच्या बाजूचा?

प्रश्न : आमच्या सहकारी साखर कारखान्याने सहवीजनिर्मितीसाठी बगॅसवर चालणारा नवा बॉयलर घेतला. ताशी १०० टन वाफ, दाब ८७ किलो, तापमान ५१५ अंश. मी संचालक मंडळावर आहे, शिक्षणाने बी.ए., धंद्याने शेतकरी. करारात ७१ टक्के कार्यक्षमतेची हमी आहे. ताबा घेण्यापूर्वी पीजी टेस्ट झाली, तिचा अहवाल मंडळापुढे आला. त्यात आधी ६९.७ टक्के असा आकडा आहे. मग ‘दुरुस्ती’ करून तो ७०.६ केला आहे. शेवटी लिहिले आहे की मोजमापाची अनिश्चितता अधिक-उणे ०.९ आहे, म्हणजे ७१ त्यात बसते, सबब बॉयलर पास. आमचे चीफ इंजिनिअर म्हणतात नापास. मला तीन शंका आहेत. ६९.७ चे ७०.६ करणे रास्त आहे का? ते अधिक-उणे कोणाच्या पारड्यात टाकायचे? आणि एवढी आकडेमोड करण्यापेक्षा जाळलेल्या बगॅसचे वजन आणि निघालेली वाफ मोजली असती तर काय बिघडले असते?
— एक संचालक, सांगली जिल्हा

उत्तर : तुमची तिसरी शंका आधी घेतो. ती सुटल्याशिवाय पहिल्या दोन सुटत नाहीत.

बगॅसचे वजन आणि वाफेचे माप घेऊन कार्यक्षमता काढण्याला प्रत्यक्ष पद्धत म्हणतात. ऐकायला ती सर्वांत सरळ वाटते. पण तुमच्या कारखान्यात बगॅसचे वजन होते कुठे? मिलमधून निघालेला बगॅस कॅरिअरवरून बॉयलरकडे जातो, फीडरना लागेल तेवढा खाली पडतो आणि उरलेला रिटर्न कॅरिअरवरून यार्डात जातो. लॅबच्या रोजच्या अहवालातला बगॅसचा आकडा तोललेला नसतो. ऊस अधिक इंबिबिशनचे पाणी वजा मिश्र रस, अशा वजाबाकीतून तो आलेला असतो. पट्ट्यावर काटा बसवला तरी बगॅस इतका हलका आणि फुगीर असतो की काट्यावर भार थोडाच येतो, आणि त्यात ३ टक्क्यांची चूक सहज खपते. त्यात उष्मांकाची दीड टक्का आणि वाफेच्या मापाची एक टक्का चूक मिळवा. एकत्रित चूक साडेतीन टक्क्यांच्या घरात जाते. ती पूर्ण ७१ वर लागू होते, म्हणजे उत्तर अधिक-उणे २.५. अशा मापाने ७१ आणि ६९ यांत निवाडा करता येणार नाही.

म्हणून अप्रत्यक्ष पद्धत वापरतात. तीत मिळालेली उष्णता मोजत नाहीत, वाया गेलेली मोजतात आणि ती १०० मधून वजा करतात. तुमच्या बॉयलरमध्ये वाया जाणारा भाग सुमारे २९ टक्के आहे. त्या २९ च्या मोजमापात एक टक्का चूक झाली तर उत्तर फक्त ०.३ ने हलते. प्रत्यक्ष पद्धतीत तीच चूक ०.७ ने हलवते. शिवाय बगॅस तोलायची गरजच उरत नाही, कारण सगळा हिशेब एक किलो बगॅसमागे होतो. वाफेचे माप तरीही घ्यावे लागते, पण ते ताशी १०० टनांची हमी तपासण्यासाठी.

आता ते २९ टक्के जातात कुठे ते पाहू. करारात धरलेल्या ५० टक्के ओलाव्याच्या बगॅसचा एकूण उष्मांक, म्हणजे जीसीव्ही, किलोला सुमारे २२७५ किलोकॅलरी. एका किलोत अर्धा किलो पाणी मुळातच आहे. बगॅसमधला हायड्रोजन जळून आणखी जवळपास ०.२९ किलो पाणी तयार होते. हे सगळे पाणी वाफ होऊन चिमणीतून जाते आणि एकट्याने २२.२ टक्के उष्णता घेऊन जाते. उरलेल्या कोरड्या गॅसबरोबर ४.८ जातात. राखेत न जळता राहिलेला कार्बन १.४. बॉयलरच्या अंगातून जाणारी उष्णता, हवेतली आर्द्रता वगैरे मिळून ०.६. बेरीज २९, म्हणून हमी ७१. (हाच बॉयलर निव्वळ उष्मांकावर मोजला तर आकडा ९० च्या आसपास दिसेल. त्यामुळे शेजारच्या कारखान्याच्या ‘८९ टक्क्यां’शी तुलना करण्याआधी तो आकडा कोणत्या उष्मांकावरचा, हे जरूर विचारा.)

या यादीत सर्वांत मोठा तोटा पाण्याचा आहे आणि त्यातले बरेचसे पाणी तुमच्या मिलमधून आलेले आहे. इथे तुमची पहिली शंका येते. टेस्टच्या दिवशी ओलावा ५१.५ टक्के निघाला. दीड टक्का वाढला म्हणजे एका किलोत पाणी वाढले आणि उष्मांक २२०७ वर आला. त्यामुळे पाण्याचा तोटा ०.९ ने वाढला. शेवटच्या मिलचे रोलर नीट पिळत नव्हते किंवा इंबिबिशन जास्त होते, याचा दंड बॉयलर बनवणाऱ्याने का भरावा? म्हणून तो ०.९ परत द्यायचा. ६९.७ चे ७०.६ झाले ते असे. रास्त आहे.

मात्र सगळ्याच गोष्टींची दुरुस्ती होत नाही, आणि अहवाल वाचताना नजर इथे ठेवायची. जे कारखान्याच्या हातात आहे त्याची दुरुस्ती होते: बगॅसचा ओलावा आणि उष्मांक, बाहेरच्या हवेचे तापमान, फीडवॉटरचे तापमान. जे बॉयलरच्या रचनेतून आणि जुळणीतून येते त्याची होत नाही: बाहेर पडणाऱ्या गॅसचे तापमान, तिच्यातला ऑक्सिजन, राखेतला कार्बन. फरक तिथे निघाला तर ती बॉयलरचीच कामगिरी. एक बारीक अपवाद आहे. ओल्या बगॅसमुळे गॅसचे प्रमाण वाढते आणि तिचे तापमान थोडे चढते, तेवढा वाटा पुरवठादार मागू शकतो. पण तो दुरुस्तीच्या आलेखात आधीच दाखवलेला असावा. हे आलेख टेस्टच्या आधी दोन्ही बाजूंच्या सहीने फाइलला लागलेले असतात. टेस्टनंतर उगवलेला आलेख मान्य करायचे कारण नाही.

आता दुसरी शंका. मंडळापुढच्या वादाचे मूळ तिथेच आहे.

अधिक-उणे ०.९ चा अर्थ असा की खरी कार्यक्षमता, शंभरात पंच्याण्णव खात्रीने, मिळालेल्या आकड्याच्या दोन्ही बाजूंना ०.९ च्या आत आहे. हा आकडा येतो कसा? प्रत्येक मोजमाप किती चुकू शकते ते धरायचे. त्या चुकीने कार्यक्षमता किती हलेल ते काढायचे. मग सगळ्यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ घ्यायचे. सरळ बेरीज करत नाहीत, कारण सगळी मापे एकाच दिवशी एकाच दिशेने चुकण्याची शक्यता फार थोडी.

तुमच्या टेस्टसारख्या टेस्टमध्ये साधारण चित्र असे असते. बगॅसच्या ओलाव्यात एक टक्का इकडेतिकडे झाला तर उत्तर सुमारे ०.६ ने हलते. उष्मांकात दीड टक्का चूक असेल तर ०.४. हायड्रोजनच्या प्रमाणाचे ०.२५. राखेतल्या कार्बनचे ०.४. गॅसचे तापमान चार अंशांनी चुकले तर ०.२ आणि ऑक्सिजन अर्ध्या टक्क्याने चुकला तर ०.१५ च्या आत. अंगातून जाणाऱ्या उष्णतेचे तेवढेच. वर्ग करून बेरजेचे मूळ काढा, ०.९ येते. पुरवठादाराने आकडा ओढूनताणून आणलेला नाही.

पण हा ०.९ आहे कोणत्या आकड्याचा? ६९.७ चा, म्हणजे दुरुस्तीपूर्वीच्या आकड्याचा. अहवालाने तो उचलून ७०.६ ला चिकटवला आहे, आणि तिथे तो लागू होत नाही.

का ते पाहा. समजा लॅबची चूक झाली आणि खरा ओलावा ५१.५ नसून ५०.५ होता. मग कच्चा आकडा ६९.७ ऐवजी ७०.३ आला असता. पण दुरुस्तीही ०.९ ऐवजी ०.३ च मिळाली असती. उत्तर पुन्हा ७०.६. ओलाव्याच्या मापातली चूक एकदा वजा होते आणि दुरुस्तीत तितकीच जमा होते. उष्मांक आणि हायड्रोजनचेही तसेच, कारण दुरुस्तीनंतरचा हिशेब मोजलेल्या बगॅसवर नसतो, करारातल्या बगॅसवर असतो. अनिश्चिततेचा मोठा वाटा आणणारी ही तीन मापे अशी जवळजवळ गळून पडतात. गॅसचे तापमान, ऑक्सिजन, राखेतला कार्बन आणि अंगातली उष्णता एवढीच उरतात. त्यांच्या वर्गांच्या बेरजेचे मूळ ०.५ च्या आसपास येते.

म्हणजे खरे विधान असे: ७०.६, अधिक-उणे ०.५. पुरवठादाराच्या ०.९ ने हिशेब केला तर बॉयलर खरोखर ७१ किंवा त्याहून चांगला असण्याची शक्यता पाचात एक निघते. ०.५ ने केला तर ती अठरा-वीसात एकच्या घरात येते. ‘७१ त्यात बसते’ हे वाक्य दोन्हीकडे खरे आहे. ०.५ ने बसणारे टोक ७१.१ आहे, म्हणजे ७१ आत येते ते अगदी काठाशी.

ओलावा कटतो हे ऐकून नमुने घ्यायचे सोडू मात्र नका. ही वजावट तेव्हाच होते जेव्हा कच्च्या हिशेबात आणि दुरुस्तीत ओलाव्याचा एकच आकडा वापरलेला असतो. कच्चा हिशेब टेस्टच्या नमुन्यांवर ५१.५ ने आणि दुरुस्ती कारखान्याच्या शिफ्टच्या सरासरीवर ५२ ने, असे झाले की ०.३ टक्के आयते मिळतात. अहवालाची पाने उलटताना हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. नमुने घेण्याची रीतही महत्त्वाची आहे. फीडरच्या तोंडाशी दर पंधरा-वीस मिनिटांनी मूठभर नव्हे तर भरपूर बगॅस घ्यायचा आणि लगेच हवाबंद डब्यात भरायचा, कारण बॉयलर हाऊसच्या गरम हवेत तो बघता बघता सुकतो. त्यात लांब तंतू आणि बारीक पिथ वेगवेगळे होतात. डब्याच्या वरचाच भाग लॅबला गेला तर नमुना बगॅसचा राहत नाही, नुसत्या तंतूंचा होतो. चार भाग करत करत नमुना लहान करायचा आणि त्याचे तीन वाटे करायचे. एक तुमचा, एक पुरवठादाराचा आणि एक सीलबंद, वाद झालाच तर तिसऱ्या लॅबसाठी.

आता पारड्याचा प्रश्न. इथे गणित संपते आणि करार सुरू होतो. अनिश्चितता आणि सूट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अनिश्चितता म्हणजे आपण किती नेमके मोजू शकलो याचे वर्णन. सूट म्हणजे हमीपेक्षा किती कमी चालेल याबद्दलचा व्यापारी समझोता. अमेरिकन यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेची बॉयलरविषयीची संहिता, एएसएमई पीटीसी ४, अनिश्चितता काढायला सांगते. पण तिचा फायदा कोणाला द्यायचा हे ठरवत नाही. ते दोन्ही बाजूंनी टेस्टच्या आधी ठरवायचे असते. तुमच्या करारात जुन्या पीटीसी ४.१ चे किंवा आपल्या आयएस ८७५३ चे नाव असण्याचीही बरीच शक्यता आहे. आपल्याकडच्या निविदांत ती नावे वर्षानुवर्षे नकलली जातात. त्यातली पीटीसी ४.१ ही १९६४ सालची, आणि तिची जागा १९९८ मध्ये पीटीसी ४ ने घेतली. करारात एक संहिता लिहायची आणि अधिक-उणे दुसरीतून आणायचे, हा सौदा एकतर्फी आहे. म्हणून आधी करारातले नाव वाचा.

प्रत्येक नियमाचे काय होते ते समोर ठेवून पाहा. पुरवठादाराचा नियम असा की आकडा अधिक अनिश्चितता हमीपर्यंत पोचली की पास. अनिश्चितता ०.९ धरली तर खरोखर ७०.१ टक्क्यांचा बॉयलरही दोन टेस्टपैकी एकीत पास होतो. म्हणजे हमी कागदावर ७१ ची आणि व्यवहारात ७०.१ ची. शिवाय या नियमात जो जितके ढिसाळ मोजेल त्याचा तितका फायदा, हे तर विपरीतच. उलटा नियम लावला, आकडा वजा अनिश्चितता ७१ च्या वर हवी असे म्हटले, तर खरोखर ७१ चा चांगला बॉयलर जवळजवळ नेहमी नापास होईल आणि कोणी शहाणा पुरवठादार अशा निविदेला हात लावणार नाही. तिसरा मार्ग म्हणजे आलेला दुरुस्त आकडा थेट हमीशी ताडायचा आणि अनिश्चितता फक्त टेस्टचा दर्जा ठरवायला वापरायची. टेस्टपूर्वीच ठरवायचे की दुरुस्त आकड्याची अनिश्चितता, समजा, ०.६ पेक्षा जास्त आली तर टेस्ट रद्द. मला हा मार्ग सर्वांत न्याय्य वाटतो. पुरवठादार आपल्या अंदाजात थोडी मोकळीक ठेवूनच ७१ ची हमी देतो, मग वर पुन्हा मापाची मोकळीक कशाला? पण हे माझे मत झाले. तुमच्या करारात पहिला नियम स्पष्ट शब्दांत लिहिलेला असेल तर तो पाळावा लागेल, फक्त ०.९ ऐवजी ०.५ ने. करार गप्प असेल तर ७०.६ हे ७१ पेक्षा ०.४ ने कमी आहे, आणि चीफ इंजिनिअर बरोबर आहेत.

०.४ म्हणजे किती? पूर्ण भाराला हा बॉयलर ताशी सुमारे ४० टन बगॅस खातो. ०.४ ची तूट म्हणजे दिवसाला साडेपाच टनांच्या आसपास जास्तीचा बगॅस. दीडशे दिवसांचा गळीत हंगाम धरला तर ८०० टन. यार्डात शिल्लक राहून हंगामानंतर वीज बनवू शकला असता असा हा बगॅस आहे. एलडी किती कापायची यावर मंडळात बोलणे होईल तेव्हा हा आकडा हाताशी असू द्या. एलडी एकदाच कापली जाते, तूट मात्र दर हंगामाला पडते.

त्याहून उपयोगाची एक गोष्ट तुमच्या अहवालातच असेल. पुरवठादाराच्या अंदाजपत्रकात एअर हीटरनंतरच्या गॅसचे तापमान आणि ऑक्सिजन दिलेले असतात. या आकाराच्या बॉयलरला १५० अंश आणि ४ टक्के असे काही. टेस्टमध्ये ते किती आले? मी तुमच्या अहवालातल्या तोट्यांवरून उलटा हिशेब केला, तर १५४ अंश आणि ४.६ टक्के बसतात. चार अंश जास्त म्हणजे ०.२. ऑक्सिजन ०.६ ने जास्त म्हणजे जास्तीची हवा गरम करण्यात आणखी जवळपास ०.२. बेरीज ०.४, नेमकी तुमची तूट. म्हणजे ती मापाच्या धुक्यात हरवलेली नाही, दोन ओळखीच्या ठिकाणी उभी आहे. पुरवठादाराला हवेच्या डॅम्परांची जुळणी करायला, फीडरांचा बगॅस ग्रेटवर सारखा पसरतो का ते बघायला आणि इकॉनॉमायझर-एअर हीटरच्या नळ्यांवर राख साचली आहे का ते तपासायला सांगा. मग फेरटेस्ट मागा. भांडून ०.४ मिळवण्यापेक्षा बॉयलरकडून मिळवलेले बरे.

फेरटेस्टच्या अटी यावेळी आधीच लिहून घ्या. टेस्टच्या आधी सूट ब्लोअर चालवून नळ्या साफ करायच्या, टेस्ट सुरू असताना नाही. ब्लो डाऊन आणि सगळे ड्रेन बंद, आणि ते खरेच बंद आहेत हे हात लावून पाहायचे, कारण झडप गळत असेल तर पाइप गरम लागतो. भार निदान चार तास स्थिर हवा. ही अट साखर कारखान्यात सर्वांत अवघड. गव्हाणीत ऊस अडकला, मिल दहा मिनिटे थांबली की यार्डातला सुका बगॅस येऊ लागतो आणि भट्टीचा नूर बदलतो. म्हणून टेस्टच्या दिवशी एक तर मिलचा बगॅस पूर्ण वेळ किंवा यार्डातला पूर्ण वेळ, असे ठरवून घ्यायचे. मधे खंड पडला तर ती फेरी सोडून द्यायची. ‘सरासरीत बसते’ हा युक्तिवाद ऐकायचा नाही. अनिश्चितता खाली आणायची असेल तर पैसा राखेच्या नमुन्यांवर खर्च करा. दुरुस्त आकड्यात सर्वांत मोठा वाटा आता राखेतल्या कार्बनचा आहे. ग्रेटची राख, मधल्या हॉपरची राख आणि ईएसपीची राख यांत कार्बन अगदी वेगवेगळा असतो, आणि प्रत्येक ठिकाणी राख किती पडते याचा अंदाज बहुधा टेबलावर बसूनच केलेला असतो. तो अंदाज तासभर प्रत्यक्ष राख गोळा करून तपासता येतो.

प्रश्न : मी बॉयलर अटेंडंट आहे. पीजी टेस्टला आलेल्या लोकांनी त्यांचे यंत्र लावले तर ऑक्सिजन ४ टक्के दाखवत होते, आणि आमच्या डीसीएसवर त्याच वेळी २.९. आमचे मीटर खराब आहे असे ठरवून ते मोकळे झाले. खरेच खराब असेल का?
— एक वाचक, पंढरपूर

उत्तर : बहुधा दोन्ही बरोबर आहेत. तुमच्या डक्टमध्ये बसवलेले झिर्कोनियाचे मीटर ओल्या गॅसमध्ये, आहे तशा गॅसमध्ये, ऑक्सिजन मोजते. हातातले यंत्र गॅस बाहेर ओढते, थंड करते, त्यातले पाणी काढून टाकते आणि उरलेल्या कोरड्या गॅसमधला ऑक्सिजन दाखवते. कोळशाच्या बॉयलरमध्ये हा फरक लहान असतो. बगॅसच्या गॅसमध्ये आकारमानाने चौथ्या हिश्श्याहून जास्त पाण्याची वाफच असते. कोरड्या गॅसमधले ४ टक्के ओल्या गॅसमध्ये मोजले तर बरोबर २.९ च्या आसपास येतात.

गडबड होते ती आकडा सूत्रात घालताना. तोट्याच्या हिशेबातले नेहमीचे सूत्र कोरड्या गॅसचे आहे. कोणी त्यात तुमच्या डीसीएसचे २.९ घातले तर जादा हवा २३ टक्क्यांऐवजी १६ टक्के निघते आणि कार्यक्षमता ०.३ ने उगाच चांगली दिसते. तेव्हा तुमचे मीटर खराब ठरवण्यापेक्षा टेस्टच्या कागदावर ‘ओला’ की ‘कोरडा’ हे लिहिले आहे का, ते पाहायला हवे होते.

याच माळेतला आणखी एक प्रकार सांगतो, कारण तो तुम्हीच सर्वांत आधी ओळखू शकाल. तुमचे मीटर बहुधा इकॉनॉमायझरनंतर असेल आणि गॅसचे शेवटचे तापमान एअर हीटरनंतर मोजले जात असेल. मधल्या डक्टच्या सांध्यातून, मॅनहोलमधून किंवा गंजून भोक पडलेल्या नळ्यांतून हवा आत ओढली जात असेल, तर गॅसमध्ये थंड हवा मिसळते. ऑक्सिजन ४ चा ६ होतो, आणि १५० अंशांची गॅस १४० दाखवते. उष्णता तितकीच बाहेर गेलेली असते, फक्त जास्त गॅसमध्ये वाटली गेलेली. आता ऑक्सिजन गळतीच्या आधीचा आणि तापमान गळतीच्या नंतरचे असे घेतले तर हिशेबात अर्ध्या टक्क्याहून जास्त कार्यक्षमता नसलेली उगवते, आणि तीही गळतीमुळे! म्हणून ऑक्सिजन आणि तापमान एकाच छेदावर, एकाच वेळी मोजायचे.

आणि एकाच बिंदूवर नाही. डक्ट तीन-चार मीटर रुंद असतो, एका बाजूची गॅस दुसरीपेक्षा दहा-पंधरा अंशांनी गरम असू शकते. छेदाचे सारखे चौकोन पाडून प्रत्येकाच्या मध्यावर थर्मोकपल घालायचा आणि तिथूनच गॅस ओढायची. डीसीएसचा एकच थर्मोकपल दर मिनिटाला वाचून चार तासांत २४० आकडे मिळतात आणि त्यांची सरासरी छान स्थिर दिसते. पण तो ज्या कोपऱ्यात बसला आहे तो कोपराच थंड असेल तर २४० आकडे मिळून एकच चूक सांगतात. पुढच्या वेळी टेस्टची माणसे आली की त्यांची जाळी डक्टच्या पूर्ण रुंदीला पोचते का ते बघा, आणि आयडी फॅनच्या आधीच्या सांध्यांवरून पेटती उदबत्ती फिरवा. धूर आत ओढला गेला तर ती जागा खडूने खूण करून त्यांना दाखवा.